फेंगडे पाय, जाड मनगटं आणि आमच्या घरातले दोन एक्स-रे

आमच्या दोन्ही मुलांचे पाय लहानपणी वाकडे होते. थोरल्याचे औषधाशिवाय सरळ झाले. धाकटीचे औषधाने झाले, आणि औषध दिलं नसतं तर बहुतेक झाले नसते. गंमत अशी की दोघांचे त्या वयातले फोटो शेजारी ठेवले तर पायांवरून कोण कोणतं ते मलाही सांगता येत नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. "माझ्याही भाच्याचे होते, आपोआप गेले" हे वाक्य आमच्या घरात सगळ्यात जास्त ऐकू आलं. ते खरंही होतं, आणि नेमकं त्याच्यामुळेच धाकटीच्या पायांकडे कोणी बघत नव्हतं.

थोरला दीड वर्षाचा असताना दोन्ही पाय बाहेर वाकवून टुणटुण चालायचा. सासूबाई म्हणायच्या, कडेवर घेऊन घेऊन फेंगडा झालाय. माझी आई म्हणायची, डायपरमुळे. बिल्डिंगमधल्या काकूंच्या मते दोष पांगुळगाड्याचा होता. दोन-सव्वादोन वर्षांचा होईतो पाय सरळ झाले. मग साडेतीनच्या सुमारास उलटंच सुरू झालं. गुडघ्याला गुडघा लागायला लागला, पळताना घोटे बाहेर फेकायचा आणि अडखळून पडायचा. सहा-सात वर्षांचा होईपर्यंत तेही गेलं. त्यामुळे धाकटी चालायला लागली आणि तिच्या गुडघ्यांमध्ये फट दिसली तेव्हा मी, नवरा, सासूबाई, सगळेच अनुभवी माणसासारखे निवांत होतो.

धाकटीला दीड वर्षाच्या बूस्टरला जरा उशिराने नेलं. एकोणीस महिने झाले होते. मुलांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन द्यायच्या आधी तिला जमिनीवर चालायला लावलं. मग पायांकडे न बघता त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि मनगटावरून अंगठा फिरवला. दोन्हीकडे. मग डोक्यावर टाळू चाचपली, फ्रॉक वर करून छातीच्या फासळ्यांवरून बोटं फिरवली आणि तोंड उघडून दात मोजले. चार दात होते. टाळू अजून बोटाला चांगली मोकळी लागत होती, एरवी ती साधारण दीड वर्षापर्यंत भरत आलेली असते. फासळ्यांच्या टोकांशी ओळीने बारीक गाठी होत्या. आणि मनगट. मी रोज तिला बांगड्या घालत होते, पण ते जाड आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. बाळसेदार हात म्हणून कौतुकच व्हायचं. डॉक्टरांनी माझं बोट तिथे ठेवायला लावलं. मांसाखाली हाडाचं टोक रुंद आणि टणक लागत होतं, मऊ बाळसं नव्हे.

"मुडदूस वाटतोय," ते म्हणाले. मला हा शब्द शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला. 'ड जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रोग', रिकाम्या जागा भरा. आपल्या घरात, वजन-उंचीच्या तक्त्यात बरी बसणाऱ्या मुलीला तो होऊ शकतो हे डोक्यात शिरायला वेळ लागला.

मी लगेच थोरल्याचं सांगितलं. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे पेनाने दोन रेषा काढून पायांचा नेहमीचा प्रवास दाखवला. बाळ पोटात घडी घालून बसलेलं असतं, म्हणून जन्मतःच पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले असतात. चालायला लागलं की ते जास्त उठून दिसतं. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान पाय सरळ होतात, पण तिथे थांबत नाहीत, आतल्या बाजूला झुकतात. तीन-चार वर्षांचं मूल सगळ्यात जास्त 'गुडघ्याला गुडघा' असतं. मग हळूहळू कमी होत सातव्या वर्षाच्या आसपास मोठ्या माणसाइतका किंचितसा आतला कल उरतो आणि तो कायमचा. फिनलंडमधल्या दोन डॉक्टरांनी मुलांच्या पायांचे एक्स-रे मोजून हा आलेख 1975 साली मांडला. कडेवर घेणं, डायपर, पांगुळगाडा यांचा त्यात काही हात नाही. (पांगुळगाडा त्यांनी तरीही बंद करायला सांगितला. मुलं त्यावरून जिन्यात पडतात म्हणून, पायांसाठी नव्हे.)

मग मोजमाप. मुलाला पाठीवर झोपवायचं, पाय सरळ, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या छताकडे. हे वाट्यांचं महत्त्वाचं. पाय आत वळलेला असेल तर सरळ पायही फेंगडा दिसतो. घोटे एकमेकांना टेकवायचे आणि दोन गुडघ्यांतलं अंतर मोजायचं. आतला कल असेल तर उलट, म्हणजे गुडघे टेकवायचे आणि घोट्यांमधलं अंतर मोजायचं. धाकटीच्या गुडघ्यांत जेमतेम 5 सेंटीमीटर भरले. तिच्या वयाला 6 सेंटीमीटरपर्यंत डॉक्टर फारसे बिचकत नाहीत. म्हणजे नुसते पाय मोजले असते तर ती पास झाली असती. डॉक्टर थांबले ते बाकीच्या गोष्टींवर. सतराव्या महिन्यात चालायला लागली, तेही बदकासारखी डुलत. चार पावलांवर "उचल" म्हणून हात वर करायची. झोपेत डोकं घामाने ओलं व्हायचं आणि उशी बदलायला लागायची. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर कुठल्याही घरात सापडेल. सगळ्या एकत्र, आणि वर मनगट, हे मात्र सुटं राहत नाही.

एक्स-रे मनगटाचा आणि गुडघ्यांचा लिहून दिला. पाय वाकडे तर मनगटाचा कशाला, असं नवऱ्याने विचारलं. मनगटाशी असलेलं हाताच्या हाडाचं खालचं टोक आणि गुडघ्याभोवतीची टोकं लहान मुलात सगळ्यात वेगाने वाढतात. मुडदूस हा वाढत्या टोकांचा आजार आहे, त्यामुळे तो आधी आणि ठळक तिथेच दिसतो. शिवाय मनगटावर उभं राहिल्याचा भार नसतो. गुडघ्याशी भारामुळेही बदल दिसू शकतात, मनगटाशी बदल दिसला तर तो शरीराच्या आतूनच आलेला असतो.

एक्स-रेच्या खोलीत नवऱ्याने शिशाचा एप्रन घालून तिचा हात प्लेटवर दाबून धरला. ती एवढी रडली की पहिला हलला, दुसरा काढावा लागला. फिल्म डॉक्टरांनी दिव्याच्या पेटीवर लावली तेव्हा मला सांगायची गरज पडली नाही. चांगल्या हाडाचं टोक सपाट, कडा पांढरी आणि रेखीव असते. हिच्या दोन्ही हाडांची टोकं वाटीसारखी खोलगट आणि पसरट झाली होती, कडा विस्कटलेल्या होत्या, आणि टोकापासून पुढच्या छोट्या हाडापर्यंतची काळी जागा असायला हवी त्याहून रुंद होती. ती काळी जागा म्हणजे कूर्चा, वाढीची चकती. कूर्चा रोज तयार होत असते आणि तिच्या मागच्या कडेला कॅल्शियम आणि फॉस्फरस बसून तिचं हाड होत असतं. मुडदुसात कूर्चा तयार होतच राहते, पण तिच्यात चुना भरत नाही. मग ती साचत जाते, रुंद होते आणि वजनाखाली वाकते. बाहेरून जे जाड मनगट लागत होतं, ते हे साचलेलं.

हे कळल्यावर पायांचंही कळलं. मुडदूस स्वतःचा असा आकार आणत नाही. मूल त्या वेळी ज्या टप्प्यात असेल तोच टप्पा तो वाढवतो. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचे पाय तसेही बाहेर वाकलेले असतात, ते आणखी वाकतात. तीन-चार वर्षांनंतर सुरू झाला तर गुडघे आणखी आत येतात. क्वचित एक पाय आत आणि एक बाहेर, असंही होतं. म्हणून पायांच्या आकारावरून दोघांत फरक करायला गेलं की फसायला होतं.

रक्ताचा रिपोर्ट मात्र मी स्वतः वाचला आणि गोंधळले. कॅल्शियम 8.9, नॉर्मल. फॉस्फरस 2.9, त्यापुढेही लाल खूण नाही. अल्कलाईन फॉस्फटेज, म्हणजे हाड घडवणाऱ्या पेशींतलं एक एन्झाइम, 1,180 आणि त्यापुढे मोठी खूण. पॅराथायरॉईड हार्मोन 190, म्हणजे वरच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. व्हिटॅमिन डी 6. किडनीचे आकडे ठीक. कॅल्शियम ठीक असेल तर कॅल्शियमचा आजार कसा?

डॉक्टरांनी आधी फॉस्फरसवर गोल केला. लॅबने छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची होती, अडीच ते साडेचार. लहान मुलांचं हाड भराभर वाढत असतं, त्यांचं फॉस्फरस साधारण 4 च्या वर असायला हवं. म्हणजे 2.9 हे चांगलंच कमी, पण कागदावर शहाण्यासारखं गप्प बसलेलं. अल्कलाईन फॉस्फटेजचं उलटं. मुलांत ते तसंही मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं, साडेतीनशे-चारशेपर्यंत चालतं, त्यामुळे निरोगी मुलाच्या रिपोर्टवरही लाल खूण येते आणि आईबाप घाबरतात. 1,180 मात्र मुलांच्या मापानेही जास्त होतं. मुलांचा रिपोर्ट घेताना शेजारची मर्यादा कुणाची छापली आहे हे बघा, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून मी कुठलाही रिपोर्ट आला की आधी तो रकाना बघते.

आणि कॅल्शियम नॉर्मल का? डी कमी असल्यामुळे आतड्यातून कॅल्शियम पुरेसं शोषलं जात नाही. रक्तातलं कॅल्शियम खाली आलं तर झटके येऊ शकतात, हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून शरीर ते काही केल्या खाली येऊ देत नाही. पॅराथायरॉईड हार्मोन वाढतं, हाडातून कॅल्शियम ओढून रक्तात आणतं आणि तेच हार्मोन लघवीतून फॉस्फरस बाहेर टाकायला लावतं. रक्त सावरतं, हाड गहाण पडतं. म्हणून नुसतं कॅल्शियम तपासून "सगळं ठीक आहे" म्हणणाऱ्याचं ऐकू नये. तान्ह्या बाळांत कधीकधी ही सावरासावर कमी पडते आणि मुडदुसाची पहिली ओळख थेट झटक्याने होते, हेही त्यांनी सांगितलं.

मग कारणांची उजळणी. अंगावरचं दूध दीड वर्षानंतरही चालू होतं. वरचं दूध तिला आवडत नव्हतं, वाटीभर वरणभात, पेज, बटाटा, बिस्किट यावर गाडी. डीचे थेंब वरचं अन्न सुरू झाल्यावर बंद झाले होते, बऱ्याच घरांत होतात तसेच. आईच्या दुधात डी जवळजवळ नसतंच, म्हणून पहिल्या वर्षात बाळाला रोज 400 युनिट द्यायला सांगतात. जन्मताना बाळाकडे जी शिदोरी असते ती आईच्या रक्तातून आलेली. डॉक्टरांनी माझीही तपासणी करायला लावली. माझं 9 निघालं. म्हणजे शिदोरीच रिकामी होती.

उन्हाचा विषय निघाला तेव्हा सासूबाई ठामपणे म्हणाल्या, "रोज सकाळी सात वाजता कोवळ्या उन्हात मालीश करून बसवते हो मी तिला." त्या खरंच बसवायच्या. बाल्कनीच्या सरकत्या काचेच्या आत, वारा लागू नये म्हणून. डॉक्टर त्यांच्याशी फार आदराने बोलले. "आजी, त्या उन्हानं ऊब मिळते, डी नाही मिळत." कातडीत डी तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे पोचतात, साधारण दहा-साडेदहानंतर. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडली की समजायचं ते ऊन कामाचं. आणि काचेतून ते किरण येतच नाहीत. सासूबाईंना हे पटायला आठवडा गेला. तोवर त्या मला ऐकवत राहिल्या की आमच्या वेळी अख्खं गाव कोवळ्या उन्हात वाढलं. ते गाव दुपारीही अंगणात, शेतात उघडंच असायचं, एवढंच मी म्हटलं. मालीश मात्र चालू ठेवायला त्यांना परवानगी मिळाली, पाय दाबून सरळ करायचे नाहीत या अटीवर. मऊ पडलेलं हाड दाबून सरळ होत नाही, उलट दुखावू शकतं.

उपचारात मला सगळ्यात जास्त सावध राहावं लागलं ते बाटल्यांबाबत. तिला रोज 3,000 युनिट डी, बारा आठवडे, आणि सोबत रोज 500 मिलिग्रॅम कॅल्शियम दोन वेळा विभागून, जेवणानंतर. (हे तिच्या वयाला आणि तिच्या रिपोर्टला लिहून दिलेलं होतं. वर्षाच्या आतल्या बाळाला डोस कमी असतो.) दुकानात मिळणारे डीचे थेंब वेगवेगळ्या ताकदीचे असतात. एकात मिलिलिटरला 400 युनिट, दुसऱ्यात 800. आणि तशीच दिसणारी छोटी बाटली असते, ज्यात 5 मिलिलिटरमध्ये 60,000 युनिट. ती आठवड्याची किंवा महिन्याची, आणि बहुधा मोठ्यांसाठी. एखाद्याने ती रोजची समजून पाजली तर कॅल्शियम एवढं चढतं की उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी सुरू होते आणि मूल दवाखान्यात भरती करायची वेळ येते. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर युनिट आणि मिलिलिटर दोन्ही लिहिलं. पहिल्यांदाच दुकानदाराने "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दुप्पट ताकदीची बाटली पुढे केली होती. मी लेबल वाचून परत केली.

कॅल्शियमच्या बाटलीवरही असाच घोळ असतो. '1250 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट' म्हणजे 1250 मिलिग्रॅम कॅल्शियम नव्हे. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम 500. बारीक अक्षरात 'एलिमेंटल' असं लिहिलेलं असतं, तो आकडा धरायचा. आणि बहुतेक कॅल्शियमच्या सिरपमध्ये थोडं डीसुद्धा असतं, ते हिशेबात मिळवायचं.

कॅल्शियम सोबत का, नुसतं डी का नाही, याचं कारण मला फार आवडलं. डी मिळालं की इतके महिने उपाशी राहिलेलं हाड कॅल्शियम गटागटा ओढून घेतं. त्या वेळी बाहेरून कॅल्शियम नसेल तर रक्तातलंच खाली येतं. शिवाय आपल्याकडच्या मुलांत पुष्कळदा डी आणि कॅल्शियम दोन्ही कमी असतात, धान्यावरच पोसलेल्या, दूध न पिणाऱ्या मुलांत जास्तच. आमच्या बाईसाहेब त्यातल्याच.

एका नातेवाइकाने मध्येच सहा लाख युनिट डीचं इंजेक्शन सुचवलं. "एकदा टोचलं की विषय संपला." पूर्वी ते सर्रास देत. आमच्या डॉक्टरांना रोजचा छोटा डोस जास्त सुरक्षित वाटतो. एकदम मोठा डोस दिला की कॅल्शियम वाजवीपेक्षा चढायचा धोका असतो, आणि एकदा आत गेलेलं डी चरबीत साठून बसतं, काढता येत नाही. जे आईबाप रोज देऊ शकत नाहीत, किंवा परत यायची खात्री नाही, तिथे मोठ्या डोसचा विचार होतो. आम्ही रोज देऊ शकत होतो.

खाण्यात सासूबाईंचा नाचणीवर भरवसा. नाचणी चांगलीच, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण एवढीशी मुलगी शंभर ग्रॅम पीठ खात नाही. वाटीभर सत्त्वात वीस-पंचवीस ग्रॅम पीठ, म्हणजे सत्तर ते नव्वद मिलिग्रॅम, आणि धान्यातल्या फायटेटमुळे त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. मोड आणून केलेल्या सत्त्वात ते अडथळे कमी होतात, म्हणून मोडाचं केलं. तिच्या वयाला दिवसाला 500 लागतं. कपभर दूध किंवा तेवढंच दही घेतलं की त्यातलं निम्मं पडतं. दूध ती पीत नव्हती, दही मात्र चाटूनपुसून खायची. मग दहीभात, दह्यातली कोशिंबीर, दह्यात कालवलेला पराठा. दूध पाजायची लढाई आम्ही सोडून दिली.

दरम्यान हाडांच्या डॉक्टरांनाही दाखवलं. त्यांच्या खोलीबाहेर एका दुकानाचा माणूस पत्रकं वाटत होता, पाय सरळ करणारे बूट आणि पट्टे. आत डॉक्टरांनी एका वाक्यात निकाल लावला. मुडदूस चालू असताना बूट, पट्टे, ऑपरेशन काहीही नाही. आधी हाड भरू दे. हाड भरल्यावर मुलांचे पाय बहुधा स्वतः सरळ होतात. नाहीच झाले, तर वाढीच्या वयातच गुडघ्याशी छोटी पट्टी बसवून एका बाजूची वाढ काही काळ रोखतात आणि दुसरी बाजू वाढून पाय सरळ होतो. ते फार पुढचं. त्यांनी दोन्ही पाय सारखेच वाकले आहेत ना तेवढं निरखून पाहिलं. एकच पाय वाकत असेल किंवा गुडघ्याच्या अगदी खाली कोन पडून तो वाढत असेल, तर ब्लाउंट नावाचा वेगळाच आजार असू शकतो. तो लवकर चालायला लागलेल्या, वजनदार मुलांत जास्त दिसतो.

महिनाभराने मनगटाचा एक्स-रे पुन्हा काढला. या एक्स-रेसाठी डॉक्टर आमच्याइतकेच उत्सुक होते. हाडाच्या विस्कटलेल्या टोकापलीकडे, काळ्या जागेत, एक बारीक पांढरी रेघ उमटली होती. तिथे चुना बसायला सुरुवात झाली होती. "ही रेघ आली म्हणजे निदान बरोबर आणि औषध लागू," ते म्हणाले. ही रेघ आली नसती, तर पहिला प्रश्न औषध खरंच पोटात जातंय का हा. जात असूनही नसती आली, तर दुसऱ्या जातीचे मुडदूस शोधावे लागले असते. त्यातला एक घराण्यातून येतो. त्यात डी आणि कॅल्शियम ठीक असतात, फक्त फॉस्फरस लघवीतून गळत राहतं. तिथे कितीही डी पाजलं तरी हाड भरत नाही, उलट मोठमोठे डोस देऊन नुकसान होतं. घरात कुणी बुटकं आणि फेंगडं होतं का, हा प्रश्न त्यांनी पहिल्या दिवशी का विचारला होता ते तेव्हा कळलं.

बारा आठवड्यांनी डी 38 वर आलं, फॉस्फरस 4.8, अल्कलाईन फॉस्फटेज निम्म्याहून खाली पण अजून जास्तच. ते उतरायला आणखी काही महिने लागतात. डोस रोजच्या 600 युनिटवर आला. पायांना मात्र काहीच घाई नव्हती. तिच्यातला पहिला फरक पायात दिसलाच नाही, तो चालण्यात दिसला. दोनेक महिन्यांत "उचल" थांबलं आणि ती सोफ्यावर स्वतः चढायला लागली, कारण स्नायूंची ताकद हाडांच्या आधी परत येते. पाय वाढीबरोबरच सरळ होणार, म्हणून मी दर तीन महिन्यांनी त्याच भिंतीसमोर, वाट्या पुढे करून फोटो काढायचे आणि मापाची पट्टी लावायचे. रोज बघून काही कळत नाही, नुसता जीव टांगणीला लागतो. फट बुजायला वर्षाहून जास्त काळ गेला. मनगटं त्याच्या आधीच बारीक झाली.

आणि मग साडेतीन वर्षांची झाल्यावर गुडघ्याला गुडघा! घरात पुन्हा धावपळ. यावेळी घोट्यांमध्ये 5 सेंटीमीटर, दोन्ही पाय सारखे, मनगटं ठीक, उंची तक्त्यात आपल्या रेषेवर, अल्कलाईन फॉस्फटेज मुलांच्या मर्यादेत. डॉक्टर हसले. तिचा थोरला भाऊ ज्या टप्प्यातून गेला तोच हा, फक्त आता तिची पाळी.

थोरल्याचं एक सांगायचं राहिलं. तो चार वर्षांचा, ऐन गुडघेजुळीच्या काळात, तापासाठी रक्त दिलं तेव्हा लॅबच्या पॅकेजात डीसुद्धा तपासलं गेलं. 17 आलं. लॅब 30 च्या खाली सगळ्यांनाच 'अपुरं' छापते, त्यामुळे आम्ही दोन अधिक दोन केलं की डी कमी म्हणून पाय वाकडे. तेव्हाच्या डॉक्टरांनी मनगटाचा एक्स-रे आणि अल्कलाईन फॉस्फटेज केलं, दोन्ही स्वच्छ. मुलांत 12 च्या खाली खरी कमतरता धरतात, 12 ते 20 अपुरं. आपल्याकडे अशा आकड्यांची मुलं गल्लोगल्ली आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना मुडदूस नाही. त्याला काही महिने थेंब दिले, कारण आकडा कमी होता. पाय सरळ झाले ते वयाने, थेंबांनी नव्हे. पण घरात श्रेय अजून थेंबांनाच आहे, आणि माझी जाऊ तिच्या मुलाला त्याच कारणासाठी बाटलीमागून बाटली पाजते. तिला मी मोजायची पट्टी आणि मनगट दाखवलं. दोन वर्षांनंतरही फट वाढत असेल, तीन झाल्यावरही पाय बाहेरच वाकलेले असतील, सात-आठ झाल्यावरही गुडघे जुळत असतील, एकच पाय वाकडा असेल, दुखत असेल किंवा मूल उंचीत मागे पडत असेल, तर एक्स-रे. नाहीतर थांबायचं.

धाकटी आता पाचची आहे, 600 युनिट चालू आहेत, घोट्यांतलं अंतर 4 वर आलंय. डॉक्टरांनी पुढची मोजणी सातव्या वाढदिवसाच्या आसपास ठेवली आहे. मध्ये अंतर 8 च्या वर गेलं तरच लवकर यायचं.